जुळ्यांतली धाकटी पिवळ्या पट्ट्यात: जुळी जन्मतः लहान का असतात आणि पुढे बरोबरीला येतात का?

सत्तरीची_सून | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. वाळपईजवळ राहते. मला जुळ्या मुली आहेत, उद्या सात महिने पूर्ण होतील. ३५ आठवडे भरले त्याच दिवशी पाणी गेलं आणि सिझेरियन झालं. थोरली २.१५० किलोची होती, धाकटी १.६५० ची. थोरली तीन दिवसांत माझ्या कुशीत आली, धाकटी बारा दिवस पेटीत राहिली. आता थोरली ६.७०० आहे आणि धाकटी ५.९००.

काल अंगणवाडीत वजन केलं. सेविकेने कार्डावर टिंबं दिली, थोरलीचं हिरव्यात आलं आणि धाकटीचं पिवळ्यात. ती बिचारी काही बोलली नाही, पण सासूबाईंनी रंग पाहिला आणि घरी आल्यापासून एकच चाललंय, "बाय, धाकली कित्याक इतली बारीक?" पलीकडच्या घरात त्याच आठवड्यात जन्मलेला मुलगा आठ किलोंच्या वर गेलाय, त्यामुळे रोज तुलना होते. मी गरोदरपणात नीट जेवले नाही, म्हणून असं झालं असं त्यांचं मत.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते असं की जन्माला दोघींत अर्ध्या किलोचा फरक होता, आता तो आठशे ग्रॅमचा झालाय. म्हणजे धाकटी भरून काढण्याऐवजी आणखी मागे पडतेय ना? दोघी एकाच पोटात, एकाच वेळी वाढल्या, मग एक इतकी लहान का? आणि कधीतरी बरोबरीला येईल का? कुणाच्या घरी जुळी असतील तर सांगा.

डिचोलीकर | सोमवार, रात्री ११.०५

ताई, काळजी करू नका. साधी गोष्ट आहे, पोटात जागाच नसते. एकाच्या खोलीत दोघांना राहायला दिलं तर दोघांनाही पाय आखडून झोपावं लागणार. ज्याला कोपरा मिळाला तो बारीक राहतो. बाहेर आल्यावर जागाच जागा, मग काय, सुटतात दोघं! माझ्या मेव्हणीची जुळी आता कॉलेजात आहेत, दोन्ही दणकट.

एक विचारतो. वार एक होती की दोन? दोन असतील तर मुली सारख्या दिसणाऱ्या नाहीत, वेगवेगळ्या आहेत, म्हणजे वजनातही फरक असणारच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

म्हापशाची_वैशाली | सोमवार, रात्री ११.३०

जुळी केळी खाल्ली होती का? 😀 गंमत केली हो. पण आमच्याकडे म्हणतात की जी शेवटी जन्मते ती पोटात आधी राहिलेली असते, म्हणून खरी थोरली तीच. त्या हिशोबाने तुमची धाकटी थोरली झाली. सासूबाईंना सांगून बघा, दोन दिवस तरी विषय बदलेल.

सत्तरीची_सून | मंगळवार, सकाळी ७.५०

😀 सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तर थोरलीच बारीक राहिली की! विषय काही बदलला नाही.

@डिचोलीकर, वारा दोन होत्या. मुली मात्र अगदी सारख्या दिसतात, मी पायातल्या काळ्या मण्यांवरून ओळखते.

उसगावची_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २.१५

बालरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं नवजात अर्भकांच्या विभागात काम केलंय. तुम्ही आकडे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे बोलता येईल. जेवायच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

आधी जागेबद्दल, कारण हे सगळीकडे ऐकू येतं. तुमच्या दोन्ही मुलींचं मिळून वजन होतं ३.८ किलो. आपल्याकडे एकटं, पूर्ण दिवसांचं मूल साधारण पावणेतीन किलोचं असतं. म्हणजे तुमच्या गर्भाशयाने महिनाभर आधीच एका बाळाच्या मानाने किलोभर जास्त ओझं सांभाळलं होतं. पिशवी ताणली जाते, खूप ताणली जाते. डिचोलीकरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे ते असं: या ताणाचा परिणाम मुख्यतः कळा लवकर सुरू होण्यावर होतो. जुळी सरासरी ३५-३६ आठवड्यांत जन्मतात, तिळी ३२ च्या आसपास. आणि शेवटचे आठवडे हेच वजन भरण्याचे असतात, त्या काळात बाळ आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढतं. पाच आठवडे आधी आलेलं बाळ किलोभर कमी असेल, तर ते पोटात नीट वाढत नव्हतं असं नाही. त्याला तेवढा वेळच मिळाला नाही.

दुसरं कारण वेगळं आहे. जुळी बाळं साधारण २८ ते ३२ आठवड्यांपर्यंत एकट्या बाळाच्याच चालीने वाढतात. त्यानंतर त्यांची रेष हळूहळू खाली झुकते, तिळ्यांची त्याहून आधी. कारण तोवर वारेकडून मिळणारा पुरवठा दोघांना पुरतो, पुढे भूक वाढते आणि पुरवठा त्या मानाने वाढत नाही. इथे प्रश्न येतो तो जागेचा नव्हे, रक्तातून येणाऱ्या खाण्याचा.

आता तुमच्या घरात ही दोन्ही कारणं दोन पाळण्यांत झोपली आहेत. ३५ आठवड्यांच्या मुलीचं मधलं वजन सव्वादोन ते अडीच किलोंच्या दरम्यान असतं. थोरली २.१५० म्हणजे जवळजवळ तिथेच आहे. ती लहान नव्हतीच, लवकर आली होती. धाकटी १.६५० म्हणजे लवकरही आली आणि पोटात तिला कमीही मिळालं. म्हणून तिचा रस्ता थोडा लांबचा आहे.

घरी जाण्याच्या कागदात वारेबद्दल काही लिहिलंय का ते बघा. नाळ कुठे लागली होती असा उल्लेख असतो कधीकधी.

डिचोलीकर | मंगळवार, दुपारी ३.००

डॉक्टर, जागेचं मान्य. पण दोन वारा म्हणजे वेगवेगळी मुलं हे तर बरोबर ना?

उसगावची_डॉक्टर | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

नाही. एकाच बीजातून झालेली जुळी फार लवकर, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत दुभंगली तर प्रत्येकीची वार स्वतंत्र होते. सारख्या जुळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश अशी असतात. त्यामुळे दोन वारा असलेल्या दोन मुली सारख्या असू शकतात, नसूही शकतात, आणि काळ्या मण्यांची गरज पडते त्या अर्थी इथे शंका घ्यायला जागा आहे. खात्री हवीच असेल तर ती तपासणीनेच होईल. उलट बाजू मात्र पक्की धरा: वार एकच असेल तर जुळी सारखी असतात, अपवाद इतके विरळ की विसरलात तरी चालेल. तेव्हा काळजीही जास्त असते, कारण एका वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीचं रक्त दुसरीकडे जाऊ शकतं किंवा वारेचे वाटेच असमान होतात. म्हणून वार एक की दोन हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बघून लिहून ठेवतात. पुढे ते ओळखणं अवघड जातं.

फोंड्याचा_बापूस | मंगळवार, रात्री ९.१०

आमची तिळी आहेत. बत्तिसाव्या आठवड्यात झाली. वजनं १.७००, १.५०० आणि १.१५०. आज चौथीत आहेत, तिघंही. बांबोळीच्या फेऱ्या मारून मारून स्कूटरला रस्ता पाठ झाला होता, पाच आठवडे.

डॉक्टर म्हणाल्या ते आमच्याकडे डोळ्यांनी पाहिलं. तिघांपैकी दोघांची वार एक होती, तिसरीची वेगळी. सगळ्यात लहान बाळ शेवटचं असणार असं आम्हाला वाटलं होतं. प्रत्यक्षात सगळ्यात लहान निघाला मधला, आणि तो ज्याच्याबरोबर वार वाटून घेत होता तो सगळ्यात मोठा. वाटणीत भावाने भावाला फसवायची सुरुवात तिथूनच. 😀

आता वर्गात तिघांना उभं केलं तर मोठा आणि मुलगी बाकीच्या मुलांसारखीच, मधला मोठ्यापेक्षा तीन बोटं बुटका. अभ्यासात तोच पुढे. पहिली दोन वर्षं मात्र तो हाडं-हाडं होता, आम्ही तिघांचे फोटो एकत्र काढायचंच बंद केलं होतं.

एक सांगायचं राहिलं. तिघांचेही डोळे महिना व्हायच्या आत तपासले होते. तुमच्या धाकटीचे तपासले का?

सत्तरीची_सून | मंगळवार, रात्री १०.००

हो, तपासले, पेटीतून घरी सोडतानाच तारीख दिली होती. काही निघालं नाही.

कागद सापडला. इंग्रजीत लिहिलंय, धाकटीच्या नाळेबद्दल 'व्हेलामेंटस' असा शब्द आहे. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं असेल आणि त्या गडबडीत मला आठवत नाही.

उसगावची_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०.४५

हेच शोधत होते. नाळ सहसा वारेच्या मध्यावर किंवा मध्याजवळ लागते, झाडाचं खोड जमिनीत जावं तशी. धाकटीची नाळ वारेवर न लागता बाजूच्या पडद्यावर लागली होती. तिथून रक्तवाहिन्या उघड्याच पडद्यावरून सरपटत वारेपर्यंत गेल्या. अशा नाळेतून पुरवठा कमी पडू शकतो. एकट्या बाळांत हे क्वचित दिसतं, जुळ्यांत कितीतरी जास्त.

आता सासूबाईंच्या जेवणाच्या मुद्द्याकडे. दोघी मुलींना जेवण एकाच आईकडून मिळालं. तुमचं खाणं कमी पडलं असतं तर थोरलीवरही तो परिणाम दिसायला हवा होता. ती तिच्या आठवड्यांच्या मानाने ठीक वजनाची होती. फरक पडला तो तुमच्या ताटात नाही, नाळ कुठे चिकटली त्यात, आणि ते ठरलं तेव्हा तुम्हाला दिवस गेलेत हेही जेमतेम कळलं असेल.

आता पिवळा पट्टा. कार्डावर टिंब दिलं ते सात महिन्यांच्या रेघेवर. पण तुमच्या मुली ४० ऐवजी ३५ व्या आठवड्यात आल्या. पाच आठवडे वजा करा, म्हणजे वाढीच्या हिशोबाने त्या सहा महिन्यांना अजून काही दिवस कमी आहेत. मुलींच्या तक्त्यात सात महिन्यांना हिरवा पट्टा ६.० किलोंपाशी सुरू होतो, सहा महिन्यांना ५.७ पाशी. ५.९ ला सात महिन्यांच्या रेघेवर ठेवलं तर पिवळं, सहाच्या रेघेवर ठेवलं तर हिरवं. मूल तेच, टिंब एक घर डावीकडे सरकलं एवढंच. शेजारच्या मुलाशी तुलना तर सोडूनच द्या. तो पूर्ण दिवसांचा आणि मुलगा आहे, मुलांचा तक्ताच वेगळा.

हे वजा करणं साधारण दोन वर्षांपर्यंत चालू ठेवतात. लस मात्र जन्मतारखेनेच द्यायची, तिथे वजाबाकी करू नका. काही घरी हा घोळ झालेला मी पाहिलाय.

निवृत्त_मुख्यसेविका | बुधवार, सकाळी ९.३०

मी अंगणवाडीच्या कामातच तीस वर्षं काढली, म्हणून बोलते. त्या सेविकेचं चुकलं नाही. कार्ड जन्मतारीख विचारतं, आठवडे विचारत नाही. आम्हाला मूल समोर दिसतं, वजनकाटा दिसतो आणि महिने दिसतात. मूल कितव्या आठवड्यात आलं हे आईने सांगितलं तरच कळतं. तुम्ही तिला सांगा, ती कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवील.

पण बाय, डॉक्टरांनी हिरवं म्हटलं म्हणून पिवळ्याच्या यादीतून नाव काढायला लावू नका. यादीत असलं की दर महिन्याला वजन होतं, कुणीतरी घरी येऊन विचारतं. ते चालू राहू दे. काटा मात्र तोच हवा, आणि लंगोट काढून. ओल्या लंगोटाने मी दीडशे ग्रॅम वाढलेली मुलं पुष्कळ पाहिली.

उसगावची_डॉक्टर | बुधवार, दुपारी १.५०

मुख्यसेविकाबाईंचं शब्दशः बरोबर. वजाबाकी करूनही धाकटी रेषेच्या थोडीशीच वर आहे, त्यामुळे लक्ष ठेवायचंच आहे. मी घाबरू नका म्हणतेय, दुर्लक्ष करा असं म्हणत नाही.

आणि तो आठशे ग्रॅमचा हिशोब. जन्माला फरक अर्ध्या किलोचा, पण तो थोरलीच्या वजनाच्या तेवीस टक्के होता. वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरातला फरक आम्ही गंभीरपणे घेतो. आज फरक आठशे ग्रॅम, पण ६.७ किलोंच्या तो बारा टक्केच आहे. थोरली जन्मवजनाच्या तिपटीला पोचलीय, धाकटी साडेतीन पटींच्या पुढे गेलीय. दोघी मोठ्या होतील तसा ग्रॅममधला फरक वाढूही शकेल. तो टक्क्यांत कमी होतोय का, ते बघा.

डोक्याचा घेर मोजलाय का कुणी? मला वजनाइतकाच तो महत्त्वाचा वाटतो.

गणिताचा_मास्तर | बुधवार, दुपारी ४.१०

मला एक कळत नाही. जुळी तिसाव्या आठवड्यानंतर एकट्यापेक्षा हळू वाढतात हे सगळ्याच जुळ्यांत होत असेल, तर ती त्यांची नैसर्गिक चालच झाली ना? मग त्यांना एकट्या बाळांच्या तक्त्यावर का मोजायचं? पाचवीच्या मुलांची सरासरी काढून चौथीच्या मुलांना नापास करण्यासारखं झालं हे.

उसगावची_डॉक्टर | बुधवार, रात्री ९.४०

मास्तर, यावर आम्हा लोकांत खरोखरच वाद आहे. जुळ्यांसाठी वेगळे तक्ते केलेले आहेत. ते वापरले तर 'लहान' ठरणारी पुष्कळ जुळी 'ठीक' ठरतात आणि आईबापांचा जीव भांड्यात पडतो. तो पक्ष म्हणतो, दोघं वाटून खातात तेव्हा थोडं हळू वाढणं ही तडजोड आहे, आजार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, सगळ्यांनाच कमी मिळतं म्हणून कमी मिळणं योग्य ठरत नाही. तुमच्याच भाषेत, सगळा वर्ग नापास झाला म्हणून पस्तीसची रेषा वीसवर आणायची का?

मी स्वतः मधली आहे. पोटातल्या जुळ्यांसाठी त्यांचा तक्ता बाजूला ठेवून बघायला हरकत नाही. जन्मानंतर मात्र नेहमीचाच तक्ता बरा, कारण आपल्याला त्यांना शेवटी इतर मुलांच्या बरोबरीलाच आणायचंय.

पुण्यातला_पेडणेकर | गुरुवार, सकाळी ८.२०

एवढी चर्चा कशाला? खायला घाला! आमच्या पुतण्याला डब्यातल्या दुधाचे सांगितलेल्यापेक्षा दोन चमचे जास्त घालून घट्ट दूध देत होतो. वर साखर घालून नाचण्याचं तिझण, चार महिन्यांपासून. वर्षात टुमटुमीत झाला. बारीक मुलाला जास्तीचं नको का?

उसगावची_डॉक्टर | गुरुवार, दुपारी २.३०

पेडणेकर, दुधाचं कृपया कुणी करू नका. डब्यावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण शोभेसाठी नसतं. घट्ट दुधाने लहान बाळाच्या मूत्रपिंडावर भार पडतो, जुलाब आणि उलट्या झाल्या तर शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. पुतण्याचं निभावलं, चांगलं झालं.

तिझण मात्र मला आवडतं. चार महिन्यांना नाही, साखर घालून नाही, पण आता या मुलींना चालेल. वजाबाकी करून सहा महिने होतच आलेत. मान धरतात का, टेकून बसवलं तर डोलत नाहीत ना, समोर घास आला की तोंड उघडतात का, एवढं बघा आणि सुरू करा. नुसती पातळ पेज देऊ नका, तिने पोट भरतं आणि वजन भरत नाही. पेजेत भात कुस्करून, डाळ घालून, वर तूप. लोहाचे थेंब दिलेत ना? बाळ लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत करून घेतं, यांना तो पूर्ण करता आला नाही.

आणि 'जास्तीचं' याबद्दल. तुम्ही पुण्यात आहात म्हणून तुमच्याच गावचं सांगते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली आणि इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपली बाळं बारीक, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून, कमी होते ते स्नायू. असं बाळ पुढे झपाट्याने फुगवलं तर भरते ती बहुतेक चरबी, आणि मधुमेहाची वाट तिथून सुरू होऊ शकते. म्हणून मला टुमटुमीत मूल नकोय. आपल्या रेषेला धरून किंवा हळूच वरच्या रेषेकडे सरकणारं हवंय. या वयात मुली महिन्याला सुमारे तीनशे ग्रॅम वाढतात. धाकटीने तेवढं धरलं तर मी समाधानी असेन. लागोपाठ दोन महिने ती शंभर-दीडशेवर अडकली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुण्यातला_पेडणेकर | गुरुवार, दुपारी ३.०५

मान्य. पण पुतण्या आज सहा फूट आहे हेही लिहून ठेवा.

मडगावचा_सुहास | गुरुवार, रात्री १०.१५

मी स्वतः जुळा आहे, वय ५१. आम्ही घरीच झालो, सुईणीच्या हातून, त्यामुळे वजन कुणी केलं नाही. आई सांगते की मी पोळपाटाएवढा आणि भाऊ लाटण्याएवढा होता. 😀 आम्ही सारखे आहोत, आजही बँकेत गोंधळ होतो. त्याचं आणि माझं वजन आज एकच आहे. उंचीत तो माझ्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी. हे लाटण्यामुळे का?

उसगावची_डॉक्टर | शुक्रवार, दुपारी १.३०

असू शकतं. अमेरिकेत लुईव्हिलला जुळ्यांना जन्मापासून पुढे वर्षानुवर्षं मोजत गेले. त्यात एक मजेशीर गोष्ट दिसली. जन्माच्या वेळी सारख्या जुळ्यांच्या वजनात साम्य कमी असतं, वेगवेगळ्या जुळ्यांपेक्षाही कमी, कारण पोटात वाटणी असमान झालेली असते. पुढे बीज आपलं काम करू लागतं. सारखी जुळी एकमेकांच्या जवळ येत जातात, वेगवेगळी आपापल्या वाटेने लांब जातात. इतर मुलांच्या मानाने जुळी जी मागे असतात तो खड्डाही शाळेच्या वयात, आठ वर्षांच्या आसपास, बहुतेक भरून निघतो.

पण 'बहुतेक'. सारख्या जुळ्यांत जन्माला लहान असलेला मोठेपणी सरासरीने किंचित बुटका राहतो. सुहास यांचे दोन सेंटिमीटर, फोंड्याच्या बापसाची तीन बोटं. भरून काढण्याचा क्रमही ठरलेला दिसतो: आधी डोकं, मग वजन, उंची सगळ्यात शेवटी.

सत्तरीच्या ताई, तुमच्या धाकटीसारखी, म्हणजे पोटातच कमी वाढलेली दहातली नऊ मुलं दोन वर्षांपर्यंत उंचीची सर्वसाधारण मर्यादा गाठतात. उरलेलं एक मागे राहतं. दोन-तीन वर्षांनंतरही उंची खालच्या रेषेच्या खालीच असेल तर बालकांच्या ग्रंथीविकारतज्ज्ञाला दाखवायचं, त्यावर उपचार आहेत. तोवर फक्त मोजत राहायचं. आणि बरोबरी कुणाशी, तेही आधी ठरवा. तुमची दोघांची उंची किती?

सत्तरीची_सून | शुक्रवार, रात्री ११.००

माझी १५०, ह्यांची १६५. डोक्याचा घेर आज मोजून घेतला, थोरलीचा ४२, धाकटीचा ४१.

उसगावची_डॉक्टर | शनिवार, सकाळी ८.००

डोकं छान आहे, दोघींचं. सहा महिन्यांच्या मुलीचं मधलं माप ४२ च्या जरा वर असतं. धाकटीच्या मेंदूने पोटातल्या टंचाईतही आपला वाटा सोडला नाही.

आईबापांच्या उंचीची बेरीज करा, मुलगी आहे म्हणून तेरा वजा करा, निम्मं करा. येतात १५१. त्याच्या आसपास, थोडं खाली-वर, दोघी गेल्या तर त्या पोचल्या. शेजारचा मुलगा पावणेसहा फूट झाला तरी.

गणिताचा_मास्तर | शनिवार, सकाळी ८.४०

तेरा का?

उसगावची_डॉक्टर | शनिवार, रात्री ९.१५

पुरुष आणि बायकांच्या सरासरी उंचीतला फरक. मुलगा असता तर मिळवले असते. तक्त्यांच्या वादावर तुमचं उत्तर अजून आलेलं नाही बरं का.

सत्तरीची_सून | (महिन्याने) मंगळवार, रात्री १०.२०

धागा वर काढतेय. आज आठ महिने झाले. काटा तोच, लंगोट काढून. थोरली ७.०००, धाकटी ६.२५०. म्हणजे थोरली तीनशेने वाढली, धाकटी साडेतीनशेने. टक्केवारी मीच काढली, पावणेअकरा.

सेविकेने कार्डाच्या कोपऱ्यात '३५ आठवडे' लिहिलं, पण टिंब आठ महिन्यांच्याच रेघेवर दिलं. पन्नास ग्रॅमने पुन्हा पिवळ्यात. मी तिला म्हटलं, राहू दे. सासूबाई आता स्वतःच पेजेत डाळ कुस्करतात आणि धाकटीच्या वाटीत तूप जरा जास्त सोडतात. थोरलीने ते पाहिलंय, ती आता धाकटीच्या वाटीकडे हात नेते.

फोंड्याचा_बापूस | मंगळवार, रात्री १०.३५

सांगितलं होतं ना, वाटणीचं भांडण पोटातच सुरू झालेलं असतं.